देवाची पाळी आणि तिचा वारसा

वंशपरंपरागत पुजारीपदाचे दोन घटक असतात. एक कर्तव्याचा: ठरल्या वेळी देव उठवणे, स्नान, पूजा, नैवेद्य, शेजारती. दुसरा लाभाचा: ताटातली दक्षिणा, ओवाळणी, नैवेद्याचा वाटा, कुठे देवस्थान इनामाच्या जमिनीचे उत्पन्न. पहिला घटक पदाचा आहे, दुसरा मालमत्तेचा. वारसाहक्काचा कायदा मालमत्तेला लागतो, म्हणून पद घरात उतरते. पण ते कर्तव्याला बांधलेले असल्यामुळे घर किंवा शेत जसे विकता, गहाण टाकता येते तसे ते विकता किंवा गहाण टाकता येत नाही. वारशावरच्या बहुतेक मर्यादा या जोडणीतून निघतात.

वारस कोण, हे कसे ठरते

देवस्थानाची व्यवस्था पाहणारा वहिवाटदार आणि पूजा करणारा पुजारी ही पदे पुष्कळ ठिकाणी एकाच घरात असतात. तरी ती वेगळी आहेत. वहिवाटदाराचा अधिकार ही मालमत्ता आहे, हे कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 1932 मध्ये मान्य केले आणि पुढे प्रिव्ही कौन्सिलनेही ते उचलून धरले. म्हणून वाद उभा राहिला की आधी संस्थापकाचे लेखी पत्र पाहायचे. ते नसेल किंवा त्या मुद्द्यावर मुके असेल तर त्या देवळाची जुनी, अखंड वहिवाट पाहायची. तीही सिद्ध झाली नाही तर वारसाहक्काचा सामान्य कायदा लावायचा. संस्थापकाच्या इच्छेलाही सीमा आहे. हिंदू कायद्याला अपरिचित असलेला वारसक्रम त्याला नव्याने घालून देता येत नाही.

स्त्री वारस होऊ शकते का, हा प्रश्न इथेच येतो. वहिवाटदारपद विधवेकडे जाऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1951 मध्ये सांगितले. 1955 मध्ये पुजारीपदाबाबतही तीच दिशा घेतली: विरुद्ध रूढी सिद्ध झाली नाही तर स्त्रीला वारसा मिळतो, आणि प्रत्यक्ष पूजा ती योग्य प्रतिनिधीकडून करवून घेऊ शकते. म्हणजे कर्तव्य पार पडले पाहिजे. ते स्वतःच्या हाताने पार पाडणे ही अट नाही.

पाळीचा हिशेब

देवाची मूर्ती वाटून घेता येत नाही, म्हणून हक्काची वाटणी काळाने होते. त्या वाट्याला आलेल्या दिवसांना पाळी म्हणतात. समजा, एका गुरव घराण्यात तीन भाऊ आहेत आणि हिशेब सोपा राहावा म्हणून वर्ष 360 दिवसांचे धरले. प्रत्येकाच्या पाळीला 120 दिवस येतात. मधला भाऊ वारला. मागे विधवा, एक मुलगा आणि एक मुलगी. विरुद्ध रूढी नसेल तर तिघांना प्रत्येकी 40 दिवस मिळतात.

आता मुलगा आपले 40 दिवस गावातल्या दुकानदाराला पैसे घेऊन लिहून देतो. तो व्यवहार टिकत नाही. देवाची सेवा ज्याच्यावर सोपवायची त्याची निवड पैशाच्या बोलीवर होऊ शकत नाही, हे त्यामागचे कारण. पण तेच दिवस त्याने मोबदला न घेता वारसक्रमातल्या काकांना सोडून दिले तर गोष्ट वेगळी. वारसांच्या रांगेतल्याच माणसाला धार्मिक पद देणे मुंबई उच्च न्यायालयाने 1882 मध्येच ग्राह्य मानले होते. मात्र तोंडी बोलीवर भागत नाही. पाळीने पूजा करण्याचा हक्क स्थावर मालमत्तेत मोडतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये ठरवले. त्यामुळे असे बक्षीसपत्र नोंदवावे लागते.

पुढच्या पिढीत त्या 40 दिवसांचेही तुकडे होतात. प्रत्येकाला तीन वारस झाले तर एकेकाच्या वाट्याला तेरा-चौदा दिवस उरतात. वर्षातून पंधरवडाभर येणाऱ्याला गाभाऱ्याच्या गळतीची किंवा झिजणाऱ्या मूर्तीची फिकीर राहत नाही. राहते ती त्या पंधरवड्यात महाशिवरात्र किंवा नवरात्र येते की नाही याची. म्हणून जाणती घराणी पाळीचा क्रम दरवर्षी सरकवतात, म्हणजे सणाचे दिवस सर्वांकडे फिरतात. व्यवस्था बिघडल्याची खूण पाळी बदलतानाच दिसते. दागिने वजन करून, भांडी मोजून, यादीवर दोघांच्या सह्या घेऊन ताबा दिला जात असेल तर पदाची जाणीव शाबूत आहे. यादीच नसेल आणि पाळीच लिलावाने जात असेल तर तिथे उत्पन्नाखेरीज काही उरलेले नाही.

विश्वस्तपद आणि नोंदवही

सार्वजनिक देवस्थानाचा विश्वस्त वारसाने येत असला तरी त्याच्यावर आणखी एक बंधन आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 खाली नोंदणी होताना परिशिष्ट एकमध्ये विश्वस्तांची नावे आणि विश्वस्तपदाच्या उत्तराधिकाराची रीत लिहिली जाते. विश्वस्त वारला की 90 दिवसांत कलम 22 खाली बदल अर्ज द्यावा लागतो. त्यावर चौकशी होते आणि हरकत आली तर दुसऱ्या बाजूचेही ऐकले जाते. वडील विश्वस्त होते, एवढ्यावर मुलगा विश्वस्त ठरत नाही. नोंदलेल्या रीतीत तो बसला पाहिजे. आणि बसला तरी गैरव्यवहार केल्यास कलम 41-ड खाली त्याला निलंबित करता येते, पदावरून काढताही येते. देवाच्या जमिनीवरही त्याचा मालकीहक्क उभा राहत नाही. मालक देव आहे, महसुली नोंदीतल्या मालकीच्या रकान्यात पुजाऱ्याचे नाव येऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये मध्य प्रदेशच्या प्रकरणात स्पष्ट केले.

कायदा वारसाच संपवतो तेव्हा

शेवटची मर्यादा विधिमंडळाची. तामिळनाडूने अर्चकांचा वंशपरंपरागत हक्क काढला, तेव्हा 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक भेद केला. पूजा कशी करायची हा धर्माचा भाग. पुजारी नेमणे हे लौकिक काम. नेमणूक वंशाने झाली पाहिजे, ही धर्माची अट नव्हे. आगमानुसार लागणारी पात्रता मात्र नेमताना पाहावी लागते.

पंढरपुरात हा भेद ठळकपणे दिसला. विठ्ठलमंदिरात बडवे, रुक्मिणीमंदिरात उत्पात आणि त्यांच्या जोडीला सेवाधाऱ्यांची सात घराणी. पुजारी पूजा करी, बेणारी मंत्र म्हणे, परिचारक पाणी आणी, डिंगरे आरसा दाखवी, हरिदास पदे गाई, दिवटे दिवटी धरी, डांगे दंड घेऊन उभा राही. एकेक कृती एकेका घराण्याची. दुसरीकडे देवापुढे पडणाऱ्या उत्पन्नाचा हक्क बडव्यांत लिलावाने जाई. नाडकर्णी आयोगाने ही व्यवस्था तपासली आणि पंढरपूर मंदिरे अधिनियम, 1973 ने हे सारे वंशपरंपरागत हक्क रद्द केले. प्रत्यक्ष ताबा 1985 मध्ये समितीकडे आला, आणि जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडवे-उत्पातांचे अपील फेटाळले. काकडा, महापूजा, धूपारती, शेजारती पूर्वीप्रमाणेच होत राहिल्या. त्या करणारी माणसे आता समिती नेमते.

पंढरपुरावरून एवढे म्हणता येते की पदातला मालमत्तेचा घटक कर्तव्यापासून सुटून एकटा उभा राहिला की वारसाच्या बाजूने सांगण्यासारखे फार थोडे उरते. लिलावात गेलेला हक्क सेवेचा वारसा म्हणून राखा, अशी मागणी करायला तर्काचा आधारच राहत नाही. उलट ज्या देवळात पाळी, यादी आणि बदल अर्ज वेळच्या वेळी होतात, तिथे कोर्टात दाखवायला वारसाकडे वंशावळीखेरीज आपल्या सेवेचा पुरावाही असतो.