निवेदन वर, संगीत खाली

१९३१ साली मुंबईत ‘आलम आरा’ तयार होत होता, तेव्हा बोलणं आणि संगीत यांचा तोल साधायला ध्वनिमुद्रकाच्या हाती एकच गोष्ट होती, ती म्हणजे अंतर. चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर एकाच वेळी उमटत. स्टुडिओशेजारून रेल्वे जायची म्हणून बरंचसं चित्रण रात्री उरकावं लागे आणि वादकांना कॅमेऱ्यात येणार नाहीत असं कुठेतरी आडोशाला बसवत. वादक माइकपासून किती लांब बसला आहे, त्यावर थेटरात काय ऐकू येणार ते ठरायचं. नटाच्या बोलण्यावर वाद्य चढलं, तर नंतर करण्यासारखं काही नसे. शॉट पुन्हा घ्यायचा.

हॉलिवूडमध्येही सुरुवातीला हीच तऱ्हा होती. मुद्रित आवाज दुसऱ्या फिल्मवर उतरवला की खरखर वाढायची, म्हणून वाद्यवृंद सेटवरच वाजवत. संकलकाने मधला तुकडा कापला की संगीतही तिथेच उडी मारायचं. १९३२-३३च्या सुमारास हे उतरवण्याचं तंत्र सुधारलं आणि संवाद, संगीत, इतर आवाज वेगवेगळ्या फितींवर ठेवून शेवटी एकत्र करणं परवडू लागलं. १९३३च्या ‘किंग काँग’मध्ये मॅक्स स्टायनरचं संगीत इतका वेळ वाजतं ते या सोयीच्या जोरावर. ‘संगीत किती खाली घेऊ?’ हा प्रश्न मला वाटतं तेव्हाच जन्माला आला. त्याआधी तो विचारायची सोयच नव्हती.

उत्तराचं एक यंत्रही त्याच दशकात निघालं. पात्र बोलू लागलं की संगीत आपोआप उतरवायचं आणि गप्प झालं की चढवायचं, एवढंच त्याचं काम. स्टुडिओतल्या लोकांनी त्याला नाव दिलं ‘अप-अँड-डाउनर’. आज एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘डकिंग’ नावाने जे मिळतं, ते याच घराण्यातलं. संगीताच्या ट्रॅकवर एक कंप्रेसर बसवतात, पण त्याचा कान असतो निवेदनाकडे. निवेदन ठरावीक पातळीच्या वर गेलं की तो संगीत दाबतो.

त्याची खोड दोन ठिकाणी कळते. निवेदन थांबल्यावर संगीत परत वर यायला तुम्ही सेकंदाचा जेमतेम दहावा भाग दिलात, तर दोन शब्दांमधल्या फटीतही ते उसळतं आणि धाप लागल्यासारखं वर-खाली होऊ लागतं. तो वेळ सेकंदभरापर्यंत नेला की हे थांबतं. दुसरी खोड जास्त चिवट आहे. यंत्राला बोलणं ऐकू आल्यावरच जाग येते, म्हणून वाक्याचं पहिलं अक्षर संगीताखाली सापडतं. त्यामुळे जुने हात अजूनही पहिल्या शब्दाच्या अर्धा सेकंद आधी संगीत हातानेच उतरवतात. माझं मत त्यांच्याच बाजूने आहे.

आपल्याकडे वेगवेगळ्या फितींची गरज भाषांनी आणखी पक्की केली. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनच्या वार्तापटांचं आणि माहितीपटांचं निवेदन अनेक भाषांत व्हायचं. चित्र तेच, संगीत तेच, आवाज मात्र मराठी, तमिळ, बंगाली. निवेदन संगीतात कायमचं मिसळून गेलं, तर दुसऱ्या भाषेसाठी ते काढायचं कसं? म्हणून संगीत आणि इतर ध्वनींची निवेदनाविना फीत लागतेच. आजही एखाद्या तयार व्हिडिओत निवेदन बुडलं असेल, तर पहिला प्रश्न हाच: आवाज आणि संगीत वेगळे ठेवलेत का? एकाच ट्रॅकमध्ये गेले असतील, तर व्हॉल्यूम वाढवला की दोन्ही सारखेच वाढतात.

बोलणं आणि संगीत यांच्या तोलाची जाहीर परीक्षा मार्च २०११मध्ये बीबीसीवर झाली. ब्रायन कॉक्स या भौतिकशास्त्रज्ञाची ‘वंडर्स ऑफ द युनिव्हर्स’ ही मालिका सुरू झाली आणि संगीतामुळे बोलणं कळत नाही अशा तक्रारी आल्या. बीबीसीने संगीत खाली घेतलं. कॉक्सला ते पटलं नाही; त्याच्या मते हा चित्रपटासारखा अनुभव होता, वर्गातलं व्याख्यान नव्हे. गंमत अशी की दोन्ही बाजू आपापल्या खोलीत खऱ्या असू शकतात. मिक्सिंग होतं शांत खोलीत, चांगल्या स्पीकरवर, आणि संहिता पाठ झालेल्या माणसांच्या कानांनी. ऐकू न आलेला शब्द त्यांचा मेंदू स्वतःच भरून काढतो. म्हणून शेवटचा कान संहिता न वाचलेल्या माणसाचा हवा, आणि आवाज घरात ठेवतात तितका हळू हवा.

मग हरवतं काय? स्वर नव्हे, व्यंजनं. ‘सात हजार’ आणि ‘साठ हजार’ यांतला फरक एका बारीक, क्षणभराच्या आवाजात असतो. व्यंजनांची बरीचशी ओळख साधारण दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात आणि त्याच्या वर असते, आणि व्हायोलिन, संतूर, झांजाही तिथेच चमकतात. त्या पट्ट्यात संगीत तीन-चार डेसिबल उतरवलं, तर एकूण संगीत फार न दाबताही शब्द सुटा होतो. खाली गाणं वाजत असेल, तर मात्र हा इलाज तोकडा पडतो, कारण कान दोन्हीकडचे शब्द पकडायला धावतो.

किती खाली, याला छापील आकडा मिळाला तो वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात यासाठीच्या २००८च्या मार्गदर्शक तत्त्वांत. त्यांच्या सर्वात कडक पातळीवर, केवळ ऐकण्याच्या मुद्रणांत, पार्श्वध्वनी बोलण्यापेक्षा किमान २० डेसिबल खाली हवा. सेकंद-दोन सेकंदांच्या अधूनमधून येणाऱ्या आवाजांना सूट आहे. कानाला हा फरक साधारण चौपट वाटतो. बऱ्याच माहितीपटांना तो लावला तर जड जाईल, पण ऐकू कमी येणाऱ्यांसाठी तो ठेवला आहे हे विसरू नये.

टीव्हीची धाव दुसऱ्याच आकड्यामागे होती. जाहिराती कार्यक्रमापेक्षा ओरडतात या तक्रारीतून २००६ साली आवाजाचा जाणवणारा मोठेपणा मोजण्याचं आंतरराष्ट्रीय मानक आलं, BS.1770. २०१० साली युरोपने त्यावरून संपूर्ण कार्यक्रमाची सरासरी उणे २३ LUFS ठरवली. ओरडणाऱ्या जाहिरातींवर हा चांगला उतारा ठरला. निवेदनाचं काय होतं ते मात्र हिशेब मांडूनच पाहावं.

समजा, चार मिनिटांचा व्हिडिओ आहे. दोन मिनिटं नुसतं दणदणीत संगीत, उणे १० वर. उरलेली दोन मिनिटं निवेदन, उणे २२ वर. सरासरी ऊर्जेची असते, म्हणून ती उणे १६ येत नाही; मोठा आवाज तिला ओढून उणे १३च्या आसपास नेतो. त्यात मानकाचा एक नियम असा की सरासरीपेक्षा दहाहून अधिक खाली असलेले तुकडे हिशेबातूनच वगळायचे. म्हणजे निवेदनाची हळू वाक्यं मोजलीही जात नाहीत. यूट्यूब उणे १४च्या वरचा व्हिडिओ तेवढा खाली आणतं, म्हणजे इथे साधारण एका डेसिबलने. निवेदन पोचलं उणे २३ला. प्रेक्षक आवाज वाढवतो आणि पुढच्याच दृश्यात संगीत त्याच्या अंगावर येतं. मीटरच्या लेखी सगळं आलबेल.

म्हणून नेटफ्लिक्सने उणे २७चा आकडा मागताना बोलणं असलेल्या भागांवरच मोजायला सांगितलं. हे पाऊल मोठं आहे, पण तिथेही मोजला जातो तो मिसळलेला आवाज, म्हणजे बोलणं आणि त्याखालचं संगीत मिळून. त्या दोघांतलं अंतर हवं असेल, तर संगीत बंद करून निवेदन मोजायचं, मग निवेदन बंद करून त्याच वाक्यांखालचं डकिंगनंतरचं संगीत मोजायचं आणि वजाबाकी करायची. निवेदन उणे १६ आणि संगीत उणे ३४ आलं, तर अंतर १८. उणे २४ आलं, तर ते आठच, आणि ‘सात’ की ‘साठ’ असा प्रश्न पडायला एवढं पुरतं.