अतादात्म्य समस्या आणि घृणास्पद निष्कर्ष

अतादात्म्य समस्या आणि घृणास्पद निष्कर्ष हे भावी पिढ्यांविषयीच्या नीतिशास्त्रातील दोन परस्परसंबद्ध प्रश्न होत. इंग्रजीत त्यांना अनुक्रमे ‘नॉन-आयडेंटिटी प्रॉब्लेम’ आणि ‘रिपग्नंट कन्क्लूजन’ असे म्हणतात. ब्रिटिश तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट (१९४२–२०१७) यांनी ‘रीझन्स अँड पर्सन्स’ (१९८४) या ग्रंथाच्या चौथ्या भागात दोहोंची सविस्तर मांडणी केली. पहिल्या प्रश्नाकडे थॉमस श्वार्ट्झ, रॉबर्ट अ‍ॅडम्स आणि ग्रेगरी काव्का यांनीही त्याच सुमारास लक्ष वेधले होते. मराठीत ‘तादात्म्य’ हा शब्द तल्लीनतेच्या अर्थानेही वापरला जातो. येथे मात्र ‘तीच ती व्यक्ती असणे’ एवढाच अर्थ अभिप्रेत आहे.

अतादात्म्य समस्या

कोणतीही व्यक्ती एका विशिष्ट बीजांडाच्या आणि एका विशिष्ट शुक्रजंतूच्या संयोगातून जन्माला येते. तिच्या आईवडिलांना महिनाभर उशिरा अपत्य झाले असते, तर ते वेगळे अपत्य असते. ही व्यक्ती जन्मालाच आली नसती. कोण कोणाला भेटते, विवाह केव्हा होतो, मूल केव्हा होते, हे सारे लहानसहान घटनांवर अवलंबून असते. म्हणून संपूर्ण समाजाचे जीवन बदलणारे धोरण पुढे कोण जन्माला येणार हेही बदलते. आगगाडी आणि मोटार यांचा शोध लागला नसता तरी आपण जन्मलो असतो, असे आज फारच थोड्यांना म्हणता येईल, असे पार्फिट दाखवून देतात.

यातून निर्माण होणारी अडचण पार्फिट यांच्या साधनसंपत्तीच्या उदाहरणावरून कळते. एका समाजापुढे दोन पर्याय आहेत: नैसर्गिक साधने जपून वापरणे किंवा ती झपाट्याने संपवणे. दुसरा पर्याय स्वीकारल्यास पहिल्या काही पिढ्यांचे राहणीमान थोडे उंचावेल आणि त्यानंतर दीर्घकाळ ते पुष्कळच खालावलेले राहील. धोरणानुसार विवाह आणि जन्म यांचे वेळापत्रक बदलत जाईल. त्यामुळे दोन-तीन शतकांनंतर हयात असलेल्यांपैकी असे कोणीच नसेल, की जे दोन्ही पर्यायांत जन्मले असते. त्या हालाखीच्या काळातील माणसाने पूर्वजांवर ठपका ठेवला, तर पूर्वजांना उत्तर देता येईल: “आम्ही जपून वागलो असतो तर तू नसतासच. तुझे आयुष्य कष्टाचे असले तरी जगण्याजोगे आहे. मग आम्ही तुझे नुकसान ते काय केले?”

नुकसान म्हणजे एखाद्या व्यक्तीला ती अन्यथा ज्या स्थितीत असती त्याहून वाईट स्थितीत लोटणे, अशी रूढ कल्पना आहे. ती स्वीकारली तर पूर्वजांचे उत्तर बिनतोड ठरते. तरीही साधने उधळणे चूक होते असे बहुतेकांना वाटते. कोणाचेही नुकसान झालेले नसताना ही चूक नेमकी कशात आहे, हीच अतादात्म्य समस्या होय.

दोन वैद्यकीय योजना

पार्फिट यांचे दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. पहिल्या योजनेत गर्भवती स्त्रियांची तपासणी करून एका विकारावर उपचार केले जातात. उपचार न झाल्यास मूल व्यंग घेऊन जन्मते. दुसऱ्या योजनेत गर्भधारणेपूर्वी तपासणी होते. विकार आढळलेल्या स्त्रीला किमान दोन महिने गर्भधारणा लांबवण्यास सांगितले जाते आणि तेवढ्या काळात विकार आपोआप नाहीसा होतो. प्रत्येक योजनेमुळे १,००० दांपत्यांना व्यंग असलेल्या मुलाऐवजी निरोगी मूल होईल. निधी मात्र एकाच योजनेपुरता आहे.

पहिली योजना रद्द झाली, तर जी मुले बरी होऊ शकली असती तीच व्यंग घेऊन जगतील आणि त्यांची तक्रार रास्त असेल. दुसरी रद्द झाली, तर व्यंग असलेल्या एकाही मुलाला तक्रार करता येणार नाही, कारण योजना राबवली असती तर त्यांच्या जागी दुसरीच मुले जन्मली असती. एवढ्यावरून पहिली योजना अधिक मोलाची ठरते का? पार्फिट यांच्या मते दोन्ही सारख्याच मोलाच्या आहेत. सर्वांना हे पटलेले नाही. ज्याचे नुकसान होते अशी खरीखुरी व्यक्ती समोर असणे याला स्वतंत्र नैतिक वजन आहे, असे मानणारेही आहेत आणि ते म्हणणे सहज झटकून टाकण्याजोगे नाही.

पार्फिट यांचा निर्णय मान्य केला, तर नीतीचा काही भाग व्यक्तिनिरपेक्ष मानावा लागतो. लोकसंख्या दोन्ही पर्यायांत सारखीच असेल, तर ज्या पर्यायातील लोक कमी सुखी ते जग वाईट, मग ते लोक कोणीही असोत. परंतु संख्याच वेगवेगळी असेल तेव्हा हे तत्त्व काहीच सांगत नाही. दुसरा प्रश्न येथूनच सुरू होतो.

घृणास्पद निष्कर्ष

सर्वात सरळ उपाय म्हणजे सर्वांच्या कल्याणाची बेरीज करणे. समजा, एका जगात १,००० कोटी लोक आहेत आणि प्रत्येकाचे कल्याण १०० एकके आहे. दुसऱ्या जगात प्रत्येकाचे कल्याण अवघे १ एकक, म्हणजे आयुष्य जेमतेम जगण्याजोगे आहे. पण तेथील लोकसंख्या २ लाख कोटी आहे. पहिल्या जगाची बेरीज १ लाख कोटी आणि दुसऱ्याची २ लाख कोटी, म्हणून दुसरे जग श्रेष्ठ ठरते. पहिले जग कितीही समृद्ध कल्पिले तरी पुरेशी मोठी लोकसंख्या त्याच्यावर मात करणारच. या निष्कर्षाला पार्फिट यांनीच घृणास्पद म्हटले. त्या जगातील जीवन यातनामय असेलच असे नाही. १९८६ च्या एका लेखात त्यांनी ते बटाटे आणि पार्श्वभूमीला वाजणारे कंटाळवाणे संगीत एवढ्यावर चाललेले आयुष्य म्हणून रंगवले.

बेरजेऐवजी सरासरी घ्यावी, असे चटकन सुचते. एकूण आणि सरासरी यांतील हा फरक हेन्री सिजविक यांनी ‘द मेथड्स ऑफ एथिक्स’ (१८७४) मध्येच नोंदवला होता. पण सरासरी अधिक विचित्र ठिकाणी नेते. सर्वच लोक असह्य यातना भोगत असतील आणि त्यांत किंचित कमी यातना भोगणाऱ्यांची भर घातली, तर सरासरी सुधारते. म्हणजे यातना भोगणारे वाढवणे चांगले ठरते! शिवाय आज मूल होऊ देणे योग्य की अयोग्य हे प्राचीन इजिप्तमधील लोक किती सुखी होते यावरही अवलंबून राहील.

बेरीज मुळीच न करताही याच निष्कर्षाकडे जाता येते, हे पार्फिट यांच्या ‘निव्वळ भर’ या विरोधाभासातून दिसते. १०० एककांच्या १,००० कोटी लोकांखेरीज, त्यांच्याशी काहीही संपर्क नसलेले ६० एककांचे आणखी १,००० कोटी लोक आहेत असे समजू. जुन्यांचे काही बिघडले नाही आणि नव्यांचे आयुष्यही चांगले आहे. तेव्हा जग वाईट झाले असे म्हणता येत नाही. आता हे २,००० कोटी लोक प्रत्येकी ८५ एककांवर आहेत असे समजू. येथे बेरीज, सरासरी आणि समता तिन्ही वाढतात, म्हणून ही स्थिती आधीच्या स्थितीहून चांगली. मग ती मूळच्या जगाहूनही वाईट नाही. हीच पायरी पुन्हा पुन्हा ओलांडत गेल्यास आपण १ एककाच्या जगापाशी येऊन पोहोचतो. प्रत्येक पायरी निर्दोष दिसते, पण मुक्काम नकोसा असतो.

पुढील चर्चा

एक उपाय किमान पातळी ठरवण्याचा आहे. ती १० एकके मानली, तर त्याहून कमी कल्याणाचे आयुष्य जगण्याजोगे असले तरी त्याची भर उणी धरायची. यामुळे घृणास्पद निष्कर्ष टळतो खरा. परंतु ५ एककांच्या १,००० लोकांची भर उणे ५,००० ठरते, तर उणे १०० एककांवर यातना भोगणाऱ्या १० जणांची भर उणे १,१००. अर्थात सुसह्य जीवन जगणाऱ्या हजारांपेक्षा यातना भोगणाऱ्या दहांना जन्म देणे बरे! स्वीडिश तत्त्वज्ञ गुस्ताफ अर्‍हेनियस यांनी याला परपीडक निष्कर्ष असे नाव दिले. सकृद्दर्शनी रास्त वाटणाऱ्या काही मोजक्या अटी एकाच वेळी पाळणारा सिद्धान्त असूच शकत नाही, हेही त्यांनी सिद्ध केले.

दोन्ही प्रश्न सोडवणाऱ्या सिद्धान्ताला पार्फिट यांनी ‘थिअरी एक्स’ हे नाव देऊन ठेवले होते. १९८४ च्या ग्रंथात तो आपल्याला सापडला नाही, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. २०१६ मध्ये त्यांनी नवा मार्ग सुचवला: आयुष्यांच्या मोलाची तुलना मुळातच अचूक अंकांत होत नाही, त्यामुळे ‘वाईट नाही’ यांची साखळी मध्येच तुटू शकते. २०२१ मध्ये ‘युटिलिटास’ या नियतकालिकात २९ अभ्यासकांनी संयुक्त निवेदन प्रसिद्ध केले. घृणास्पद निष्कर्ष खरा आहे असे त्यात म्हटलेले नाही; एखाद्या सिद्धान्तातून तो निघतो एवढ्याच कारणाने तो सिद्धान्त बाद करू नये, इतकेच म्हटले आहे.