डांबरगोळीची कुळकथा

ऑक्टोबर 1865 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. हा गॅस दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून काढत. त्यासोबत निघायचं ते काळंकुट्ट, चिकट डांबर. लंडनमध्ये हा उद्योग पन्नासेक वर्षं आधीच सुरू झाला होता आणि तिथल्या गॅसवाल्यांना आणखी एका गोष्टीने हैराण केलं होतं. थंडी पडली की नळांच्या आत पांढरे, चकचकीत पापुद्रे जमायचे आणि गॅस अडायचा. आपल्या कपाटात कपड्यांच्या घड्यांमध्ये बसलेली डांबरगोळी ती हीच.

1820 च्या सुमारास रसायनशास्त्रज्ञांनी हा पदार्थ डांबरातून वेगळा काढला. जॉन किडने 1821 मध्ये त्याचं वर्णन करून त्याला नाव दिलं, तेच आज आपण वापरतो ते नॅफ्थलीन. 1826 मध्ये मायकेल फॅरेडेने त्यात कार्बन आणि हायड्रोजन किती हे शोधलं. पुढे 1897 मध्ये जर्मनीतल्या कारखान्याने याच नॅफ्थलीनपासून नीळ बनवून बाजारात आणली आणि हिंदुस्थानातल्या निळीच्या शेतीचं कंबरडं मोडलं. कपाटातली गोळी इतक्या निरुपद्रवी घराण्यातली नाही!

नळात जमणं आणि कपाटात नाहीसं होणं, दोन्हीमागे एकच गुण आहे. हा पदार्थ न वितळता थेट वाफ होतो आणि गार जागी पुन्हा खडा होऊन बसतो. म्हणून महिन्याभरात गोळी बारीक होते. ती वाफ कोंडून दाट झाली तरच लोकर खाणाऱ्या अळ्या मरतात. दार सतत उघडणाऱ्या कपाटात गोळीने फक्त वास येतो.

पण पावसाळ्यात आपण तिच्याकडून जी अपेक्षा करतो ती वेगळीच असते. गोळी हवेतलं टिपूसभर पाणीही शोषत नाही. ओलसर साडी ट्रंकेत घालून वर चार गोळ्या ठेवल्या तर आठवड्याने साडीला बुरशीही येते आणि डांबराचा वासही. हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर टिकली की बुरशीला रान मोकळं. पुस्तकांची कसरही दमटपणावरच पोसते, म्हणून पुस्तकं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून आणि थोडी सैल लावलेली बरी. उघड्या फडताळात गोळ्या टाकून काही साधत नाही.

गोळी वापरायचीच तर पेटी घट्ट झाकणाची हवी. कपडे धुतलेले आणि पूर्ण सुकलेले असावेत. वाळत घातलेल्या कपड्याची शिवण आणि कमरपट्टी चिमटीत धरून पाहावी, ओल तिथेच लपते. इस्त्रीचा कपडा गार होऊ द्यावा, मग घडी. गोळ्या मलमलीच्या पुरचुंडीत बांधून सर्वांत वर ठेवाव्यात, कारण वाफ हवेपेक्षा जड असते आणि खाली उतरते. जरीला आणि प्लॅस्टिकला मात्र त्या लागू देऊ नयेत.

बाजारात तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या गोळ्याही मिळतात, पॅराडायक्लोरोबेंझीनच्या. ओळखायचं असेल तर पेलाभर पाण्यात गोळी टाका. ती कापराची असेल तर तरंगते, बाकी दोन्ही बुडतात. मग त्याच पाण्यात विरघळायचं थांबेपर्यंत मीठ घाला. नॅफ्थलीन वर येतं, दुसरी गोळी तळाशीच राहते. या दोन जाती एका पेटीत ठेवू नयेत. एकत्र आल्या की त्या पातळ होतात आणि कपड्यावर डाग पाडतात. पेला नंतर पिण्यासाठी वापरू नका.

धान्याच्या कोठीशी डांबरगोळीचं काही नातं नाही. वाफ धान्यात मुरते, पोटात जाते. गव्हाची राखण मे महिन्यातच होते. उन्हात वाळवलेला दाणा दाताखाली कट् करून तुटला पाहिजे. दबला तर अजून एक ऊन द्यायचं. मग गार करून घट्ट झाकणाच्या पिंपात. घरोघर घालतात तो कडुलिंबाचा पाला सावलीत खडखडीत वाळलेला हवा. ओला पाला घालणं म्हणजे कोठीत आपणच पाणी ओतणं.

युरोपीय संघाने 2008 मध्ये नॅफ्थलीनच्या गोळ्यांची विक्री थांबवली. आपल्याकडे किराणा दुकानात सहज मिळतात, म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवाच. काही माणसांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं विकर जन्मतःच कमी असतं. त्यांच्या शरीरात नॅफ्थलीन गेलं की तांबड्या पेशी फुटतात, आणि तान्ह्या बाळाला यातून कावीळ जिवावर बेतण्याइतकी वाढू शकते. बाळंतविड्याचं गाठोडं, दुपटी आणि जुनी गोधडी यांत डांबरगोळी ठेवू नका. आधीच ठेवली असेल तर ते कपडे धुऊन, उन्हात वास पूर्ण जाईपर्यंत वाळवा आणि मगच बाळाला घाला.