रक्तक्लथन

रक्तक्लथन : इजा झालेल्या रक्तवाहिनीतील द्रव रक्ताची गुठळी होण्याची क्रिया.

वाहिनीचे अस्तर फाटले की खालचे कोलॅजन उघडे पडते. फॉन विलेब्रांड घटकाच्या आधाराने बिंबाणू त्याला चिकटतात, एडीपी सोडून आणखी बिंबाणू खेचतात आणि फायब्रिनोजेनने परस्परांशी जोडले जाऊन कच्चे बूच तयार होते (→ बिंबाणू). त्याच वेळी ऊतक घटक व घटक ७ मिळून घटक १० सक्रिय करतात. घटक १० हा घटक ५ च्या मदतीने प्रोथ्राँबिनापासून थ्राँबिन बनवतो. थ्राँबिनामुळे फायब्रिनोजेनाचे फायब्रिन होते व त्याच्या धाग्यांनी बूच पक्के होते.

रिव्हारोक्झाबान सक्रिय घटक १० ला थेट रोखते. हेपारिन अँटिथ्राँबिनाद्वारे त्याला व थ्राँबिनालाही रोखते. वॉरफेरिन के जीवनसत्त्वाच्या पुनर्वापरात अडथळा आणते. आधीचे घटक रक्तात असेपर्यंत त्याचा पूर्ण परिणाम दिसत नाही (→ जीवनसत्त्व के).

पालघर जिल्ह्यासह महाराष्ट्रात आढळणाऱ्या घोणशीचे विष उलट दिशेने काम करते. ते घटक ५ व १० थेट सक्रिय करते, त्यामुळे फायब्रिनोजेन खर्ची पडून रक्त गोठेनासे होते. निदानासाठी शिरेतील २ मिलि. रक्त स्वच्छ, कोरड्या काचनळीत २० मिनिटे न हलवता ठेवतात. नळी तिरपी केल्यावर ते वाहिले, तर क्लथन बिघडलेले असते. काचेमुळे घटक १२ सक्रिय होतो, म्हणून प्लॅस्टिकची नळी चालत नाही. येथे हेपारिनाचा उपयोग होत नाही. प्रतिविष लागते (→ सर्पविष). यकृताला नवे फायब्रिनोजेन बनवण्यास वेळ लागत असल्याने चाचणी ६ तासांनी पुन्हा करतात.