पुडीतून आरपार: संगणकी पारदर्शकतेची कुळकथा

शॅम्पूची नवी बाटली कारखान्यात ओतली जाण्याआधीच तिची जाहिरात तयार असू शकते. त्या जाहिरातीतली बाटली कुठल्याही कॅमेऱ्यासमोर ठेवलेली नसते. ती संगणकावर घडवलेली असते, आणि तिच्यातून जाणारा प्रकाश हिशेबाने काढलेला असतो. हा हिशेब जमला की पाहणाऱ्याला आतला द्रव हाताला लागेलसा वाटतो. तो फसला की बाटली रंगीत धुक्यासारखी दिसते, आणि नेमके काय चुकले ते सांगता येत नाही. ही फसगत बहुतेक वेळा चित्रकाराच्या हातामुळे होत नाही. संगणकी चित्रात आरपार दिसण्याची दोन कुळे आहेत, त्यांची सरमिसळ हे तिचे कारण असते. एक कूळ प्रतिमा एकमेकींवर ठेवण्याच्या गरजेतून आले, दुसरे प्रकाशाच्या अभ्यासातून. दुसऱ्या कुळातही वळणे, शोषले जाणे आणि विखुरणे हे तीन प्रश्न वेगवेगळ्या काळी सुटले. ते वेगळे ठेवले तरच वेष्टनातून प्रकाश खरा जातो.

पहिले कूळ म्हणजे आपल्या सर्वांच्या ओळखीचा ओपॅसिटीचा स्लायडर. त्याच्या मुळाशी असलेला अल्फा एड कॅटमुल आणि अल्व्ही रे स्मिथ यांनी 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत आणला. पुढे 1984 साली लुकासफिल्ममधल्या थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी त्याचे पक्के गणित मांडले. त्या मांडणीत अल्फाचा मूळ अर्थ आहे व्याप्ती: चित्राच्या एका ठिपक्याचा किती भाग या वस्तूने व्यापला आहे. वस्तूची कड ठिपक्याच्या मधूनच जात असेल, तर अर्धा ठिपका तिचा आणि अर्धा मागच्याचा. एका चित्रावर दुसरे बेमालूम बसवायला याहून नेटके साधन नाही. पण ही मच्छरदाणीची पारदर्शकता झाली: धागा जिथे आहे तिथे काही दिसत नाही, भोकातून सगळे जसेच्या तसे दिसते. बाटलीला पन्नास टक्के ओपॅसिटी दिली की तिच्यावरची चकाकीही निम्मी होते, कारण वस्तूच निम्मी उरते. खऱ्या प्लास्टिकमध्ये असे कधीच होत नाही. ते कितीही स्वच्छ असले तरी चकाकी पूर्ण देते, आणि काठाकडे, म्हणजे नजर तिरकी होत जाते तिथे, ती वाढतच जाते. तेव्हा फिकी पडलेली चकाकी हे चुकीच्या कुळाचे पहिले लक्षण समजावे.

दुसऱ्या कुळाचा सर्वांत उपयोगी पूर्वज अठराव्या शतकातला आहे. फ्रान्सच्या पिएर बुगे यांनी 1729 साली दाखवले, की माध्यमाच्या सारख्या जाडीचा प्रत्येक थर प्रकाशाचा सारखाच हिस्सा खातो. दरवेळी वजाबाकी होत नाही, गुणाकार होतो. योहान लाम्बेर्ट यांनी 1760 मध्ये ते सूत्रात बसवले आणि आउगुस्ट बेअर यांनी 1852 मध्ये द्रावणाच्या तीव्रतेशी जोडले. आता एक हिरवट शॅम्पू घेऊ. समजा, एक सेंटिमीटर जाडीतून त्याने तांबडा प्रकाश 50 टक्के आणि हिरवा 80 टक्के जाऊ दिला. बाटलीच्या पोटात चार सेंटिमीटर द्रव असेल, तर तिथून तांबडा सुमारे 6 टक्के आणि हिरवा सुमारे 41 टक्के बाहेर येईल, म्हणजे रंग गडद आणि ठाम हिरवा. तोच शॅम्पू पुडीत दोन मिलिमीटर जाडीचा असेल, तर तांबडा 87 टक्के आणि हिरवा 96 टक्के जाईल. पुडीतला द्रव जवळजवळ पाण्यासारखा दिसेल, त्यावर हिरवी झाक तेवढी राहील. द्रव एकच, पण रंग दोन, आणि दोन्ही खरे. म्हणून अशा वस्तूला रंग द्यायचा तो पृष्ठभागावर नव्हे, अंतराच्या हिशेबाने: इतक्या जाडीला हा रंग. पृष्ठभागावर हिरवा फासला की बाटलीचा मध्य, तिची मान आणि पुडीचा कोपरा सगळे एकाच रंगाचे होतात, आणि आत द्रव भरला आहे हेच डोळ्याला पटत नाही.

वळण्याचा प्रश्न मात्र एका चित्राने सोडवला. बेल प्रयोगशाळेतल्या टर्नर व्हिटेड यांचा 1980 साली छापलेला निबंध प्रसिद्ध आहे तो त्यातल्या दोन गोलांसाठी. लाल-पिवळ्या चौकटींच्या फरशीवर एक आरशासारखा गोल आणि त्याच्यासमोर एक पारदर्शक गोल. डोळ्याकडून निघालेला किरण वस्तूवर पोचला की त्याचे दोन फाटे करायचे, एक परतणारा आणि एक आत वळणारा, आणि प्रत्येक फाट्याचा असाच पाठलाग करायचा, ही त्यामागची कल्पना. त्या एका चित्राला त्या काळच्या व्हॅक्स संगणकावर 74 मिनिटे लागली. पण बाटली इतकी साधी नसते. तिच्यात हवा, प्लास्टिक आणि द्रव अशी तीन माध्यमे असतात, आणि आजही बरीच चित्रे इथेच बिघडतात. पेट प्लास्टिकचा अपवर्तनांक साधारण 1.57 आणि पाण्याचा 1.33. हवेतून सरळ पेटवर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे 5 टक्के परततो. पेट आणि पाणी यांच्या सीमेवरून मात्र एक टक्काही परतत नाही. म्हणून भरलेल्या बाटलीची आतली भिंत जवळजवळ दिसेनाशी होते, आणि द्रव थेट बाहेरच्या कडेपर्यंत भिडल्यासारखा दिसतो. कोणी द्रवाचा आकार भिंतीपासून केसभर आत ठेवला, तर मध्ये हवेचा थर राहतो. त्या थरावर तिरका आलेला प्रकाश पूर्ण परावर्तित होतो आणि द्रवाभोवती चंदेरी चकाकणारी कड उमटते. दोन पृष्ठभाग तंतोतंत एकाच जागी ठेवले, तर संगणकाला आधी कोणता भेटला तेच ठरवता येत नाही आणि डाग पडतात. यावर 2002 साली मांडला गेलेला उपाय साधा आहे: द्रवाला भिंतीत थोडे घुसू द्यायचे आणि कोणत्या माध्यमाचा मान आधी, हे क्रमाने सांगून ठेवायचे. पेट पहिले, द्रव दुसरा.

तिसरा प्रश्न विखुरण्याचा. तो सर्वांत उशिरा सुटला, पण त्याचे मूळ ताऱ्यांच्या अभ्यासात आहे. ताऱ्याच्या वातावरणातून प्रकाश आदळत-आपटत कसा बाहेर पडतो, याचे गणित सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी 1950च्या ग्रंथात उभे केले. संगणकी चित्रकलेने ढग, दूध आणि त्वचेसाठी पुढे त्याच परंपरेचा आधार घेतला. एचडीपीईची बाटली दुधाळ दिसते, कारण तिच्यात स्फटिकांचे आणि विस्कळीत साखळ्यांचे भाग शेजारी-शेजारी असतात, दोघांचा अपवर्तनांक किंचित वेगळा असतो, आणि प्रकाश प्रत्येक सीमेवर थोडा भरकटतो. पेटची बाटली स्वच्छ असते, पण साच्यातला जाड पेट हळू थंड झाला तर तोही स्फटिक धरून पांढरा पडतो. अशा वस्तूत प्रकाश एका जागी शिरतो आणि दुसऱ्याच जागी बाहेर येतो. हे झटपट मोजण्याची रीत हेन्रिक वान येन्सेन, स्टीव्ह मार्शनर, मार्क लेव्हॉय आणि पॅट हॅनरहान यांनी 2001 साली दिली. दूध, केचप आणि संगमरवर यांची मोजमापेही त्यांच्या निबंधात आहेत. पण त्या रीतीत एक गृहीत होते: वस्तू आत अमर्याद जाड आहे. संगमरवराला ते चालते. एक मिलिमीटरच्या बाटलीला नाही, कारण तिच्यात प्रकाश पलीकडच्या बाजूने निसटतो. पातळ थरांची दुरुस्ती क्रेग डॉनर आणि येन्सेन यांनी 2005 मध्ये केली. त्वचेसाठी गाजलेली सेटिंग जशीच्या तशी वेष्टनाला लावली की डबा मेणाच्या भरीव गोळ्यासारखा दिसतो, तो याच कारणाने.

दुधाळपणाचे आणखी एक, वेगळे कारण असते, आणि दोन्हींची गल्लत वारंवार होते. काही बाटल्यांचे प्लास्टिक स्वच्छ असते, पण पृष्ठभाग मुद्दाम खरबरीत केलेला असतो. त्यासाठीचे गणितही निराळे आहे, ब्रूस वॉल्टर आणि सहकाऱ्यांनी 2007 साली घासलेल्या काचेची मोजमापे घेऊन दिलेले. फरक ओळखायला खरी बाटली हाताशी असेल तर ओले बोट पुरते. पाणी खरबरीतपणा भरून काढते, म्हणून खरबरीत पृष्ठभाग ओला झाला की तेवढा भाग निवळतो. एचडीपीईवर काही फरक पडत नाही, कारण तिथे दुधाळपणा भिंतीच्या आत आहे.

आता पुडी. शॅम्पूच्या बहुतेक पुड्यांत धातूची झळाळी असलेला थर असतो. त्यांच्यातून प्रकाश जातच नाही, त्यामुळे तिथे सगळा प्रश्न परावर्तनाचा. पण आरपार दिसणारी पुडी घेतली तर बाटलीचे नियम उलटवावे लागतात. पातळ फिल्मच्या दोन्ही बाजू समांतर असतात. किरण एका बाजूने जितका वळतो तितकाच दुसऱ्या बाजूने सरळ होतो आणि जवळपास त्याच रेषेत पुढे जातो. फिल्मचा एकच पृष्ठभाग काढून त्याला 1.5चा अपवर्तनांक दिला, तर संगणक समजतो की किरण भरीव प्लास्टिकमध्ये शिरला आणि बाहेर आलाच नाही. मग मागचे सगळे भिंगातून पाहिल्यासारखे वाकते. म्हणून रिकाम्या फिल्मला पातळ भिंत मानून चकाकी पूर्ण द्यायची आणि वळण काढून टाकायचे. पुडी भरलेली असेल तेव्हा आतला द्रव हेच भिंग असते. फिल्म आणि द्रव मिळून एक बंद आकार करावा, त्याला द्रवाचा अपवर्तनांक द्यावा आणि फिल्मच्या सुरकुत्या फक्त चकाकीत दिसू द्याव्यात. सील केलेल्या चारही कडा मात्र वेगळ्या ठेवाव्यात. तिथे द्रव नाही, म्हणून रंगही नाही, फक्त दाबाची नक्षी. पोटाशी गडद, कडेला बिनरंगी, एवढ्याने पुडी पुडी दिसते.

यावर एक वजनदार आक्षेप आहे: पाहणारा कुठे अपवर्तनांक मोजायला बसतो? रोलंड फ्लेमिंग आणि हाइनरिक ब्यूल्थॉफ यांच्या 2005च्या अभ्यासाचा सूरही हाच आहे. डोळा प्रकाशाचा प्रवास उलटा सोडवत नाही, तो चकाकी, रंगाची घनता, छाया-प्रकाशातला फरक अशा खुणांवर विसंबतो. मला हा आक्षेप अर्धा मान्य आहे. वळणाच्या बाबतीत डोळा खरोखर उदार आहे. बाटलीमागची रेघ दोन अंश इकडे की तिकडे, हे कोणी सांगू शकणार नाही. पण तो ज्या खुणा पाहतो त्याच नेमक्या ओपॅसिटीच्या स्लायडरने नष्ट होतात: चकाकी फिकी होते आणि जाडीबरोबर रंग बदलत नाही. खुणा हातानेही रंगवता येतात, उत्तम चित्रकार शतकानुशतके तेच करत आले. मात्र त्यांनाही कुठली खूण कुठल्या कारणाने येते हे ठाऊक असावे लागते, नाहीतर बाटली फिरवली किंवा दिवा हलवला की चित्र उघडे पडते. दुसरा आक्षेप वेळेचा, आणि तो रास्त आहे. दुकानाच्या फळीवर दूर रचलेल्या दोनशे बाटल्यांना हा सगळा हिशेब लावणे व्यर्थ आहे. तिथे शोषण ठेवावे, वळण सोडावे. काटकसर करायचीच असेल तर हाच क्रम पाळावा: आधी वळण सोडा, मग विखुरणे आटोपते घ्या, जाडीनुसार बदलणारा रंग मात्र शेवटपर्यंत सोडू नका.

काम संपल्यावर सावली तपासा. द्रव भरलेल्या पारदर्शक बाटलीची सावली सपाट करडी नसते. तिच्यात द्रवाचा रंग उतरतो आणि बाटलीने गोळा केलेल्या प्रकाशाचा एक तेजस्वी पट्टा मधे पडतो. डोळ्याकडून उलटे निघालेले किरण हा पट्टा सहजी शोधू शकत नाहीत, म्हणून अनेक रेंडररमध्ये त्याची सोय आपणहून चालू करावी लागते. सावली करडी असेल तर आधी ती सोय तपासा, आणि मगच बाटलीच्या मटेरियलला हात लावा.