जंतनाशकांचा इतिहास आणि मराठवाड्यातील शेळी : अल्बेंडाझोल, आयव्हरमेक्टिन व प्राझिक्वांटेल यांच्या कार्यपद्धतीच्या संदर्भात

परभणी येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय 1972 मध्ये स्थापन झाले. त्याच सुमारास जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी जिल्ह्यात आणण्याची कामे चालू होती. सिंचनाबरोबर चारा वाढला, तसेच पाटांच्या कडेला साचणाऱ्या पाण्यात गोगलगायींनाही आसरा मिळाला. यकृतातील पर्णकृमीची अर्भकावस्था अशाच गोगलगायीत वाढते. गंगाखेडच्या गोदाकाठी किंवा पाटालगत चरणाऱ्या उस्मानाबादी शेळीच्या पोटात त्यामुळे दोन निराळ्या कुळांचे परजीवी एकाच वेळी आढळू शकतात : जठरात रक्त शोषणारा हिमाँकस हा गोलकृमी आणि यकृतात चपटा पर्णकृमी. प्रस्तुत लेखात या दोहोंवर कोणते औषध का चालते व का चालत नाही, याचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

पहिले आधुनिक जंतनाशक थायाबेंडाझोल 1961 मध्ये आले आणि अल्बेंडाझोल हे त्याच कुळातील पुढचे अपत्य होय. ते कृमीच्या पेशीतील बीटा-ट्युब्युलिन या प्रथिनास चिकटते. या प्रथिनापासून पेशीच्या आतील सूक्ष्मनलिका बनतात. त्या बनणे थांबले की आतड्याच्या पेशी साखर शोषू शकत नाहीत आणि कृमी उपासमारीने मरतो. मृत्यू सावकाश होतो. हे प्रथिन गोलकृमी, पट्टकृमी व पर्णकृमी या सर्वांत असल्याने औषधाचा पल्ला मोठा आहे. मात्र पर्णकृमीसाठी मात्रा अधिक लागते आणि तीही फक्त पूर्ण वाढलेल्या कृमीवर चालते. गर्भारपणाच्या आरंभी ते टाळावे लागते, कारण गर्भात व्यंग उद्भवू शकते.

आयव्हरमेक्टिनचा उगम जपानच्या मातीतील एका जिवाणूत आहे. सातोशी ओमुरा यांनी तो वेगळा केला, विल्यम कॅम्पबेल यांनी त्याची परीक्षा घेतली आणि 1981 पासून औषध जनावरांसाठी मिळू लागले. या दोघांना 2015 चे नोबेल मिळाले. हे औषध मज्जातंतू व स्नायूंतील ग्लुटामेट-नियंत्रित क्लोराइड वाहिन्या उघड्या ठेवते. कृमीचा घसा व शरीर लुळे पडते. अशा वाहिन्या गोलकृमींत आणि गोचीड, खरजेचे कीटक यांच्यात आहेत. पर्णकृमी व पट्टकृमी यांच्यावर मात्र उपचाराच्या मात्रेत या औषधाचा प्रभाव पडत नाही. म्हणून गोचिडांसाठी इंजेक्शन दिल्यावर यकृतातील कृमीही गेला असे समजणे चूक आहे.

प्राझिक्वांटेल 1970 च्या दशकात जर्मनीत विकसित झाले. ते चपट्या कृमीच्या शरीरात कॅल्शियमचा लोंढा आणते; स्नायू आखडतात व त्वचा फुटून कृमी उघडा पडतो. पट्टकृमी व रक्तातील पर्णकृमी, म्हणजे शिस्टोसोमा, हे त्याचे लक्ष्य. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी येथे 1952 मध्ये मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमियासिसची नोंद झाली तेव्हा हे औषध नव्हते. नवल असे, की यकृतातील पर्णकृमीही चपटाच असून त्यावर ते निष्फळ ठरते. याचे कारण 2021 मध्ये उलगडले : ज्या कॅल्शियम-वाहिनीला औषध चिकटते, तिच्यातील एकच अमिनो आम्ल या कृमीत वेगळे आहे.

व्यवहारात खरी अडचण निराळीच येते. समजा, 32 किलो वजनाची शेळी नजरेने 20 किलोची धरली आणि मेंढीसाठीचे प्रमाण, किलोमागे 5 मिलिग्रॅम, लावले. प्रत्येक मिलिलिटरमध्ये 25 मिलिग्रॅम अल्बेंडाझोल असलेल्या द्रावणाचे 4 मिलिलिटर पोटात जातात, म्हणजे 100 मिलिग्रॅम. शेळीचे शरीर हे औषध मेंढीपेक्षा लवकर निकामी करते, म्हणून तज्ज्ञ सामान्यतः दुप्पट मात्रा सुचवतात. त्या हिशेबाने हवे होते 320 मिलिग्रॅम, अर्थात 12.8 मिलिलिटर. एक तृतीयांशापेक्षाही कमी औषध मिळाल्याने दुर्बळ कृमी मरतात आणि ज्यांच्या ट्युब्युलिनमध्ये 200 व्या स्थानी फेनिलअलॅनिनऐवजी टायरोसिन आहे, ते तगून अंडी घालतात. थायाबेंडाझोल बाजारात येऊन तीनच वर्षे झाली असताना, 1964 मध्ये, प्रतिकारक्षम हिमाँकसची नोंद झाली होती.

हे ओळखण्याची रीत सोपी आहे. औषध देण्यापूर्वी आणि 10 ते 14 दिवसांनी त्याच दहा शेळ्यांच्या लेंड्यांतील अंडी मोजतात. सरासरी ग्रॅममागे 1,200 वरून 360 वर आली तर घट 70 टक्केच. ती 95 टक्क्यांपेक्षा कमी असल्यास संशय घ्यावा. परंतु कृमी प्रतिकारक्षम आहे असे ठरवण्यापूर्वी वजनकाटा व मात्रेची नोंद तपासली पाहिजे, कारण अपुऱ्या मात्रेनेही नेमका हाच आकडा येतो. योग्य मात्रेनंतरही घट अपुरी राहिली, तरच दुसऱ्या कुळाचे औषध निवडावे. त्यातही जबड्याखाली पाणी भरण्याचे कारण गोलकृमी आहे की पर्णकृमी, हे लेंड्यांच्या तपासणीवरून आधी ठरवावे लागते, कारण पाणी दोहोंमुळेही भरते.