घटक-नियोजनातील उलटा क्रम : टायलरपासून विगिन्स-मॅकटायपर्यंत

अध्यापक-शिक्षणाच्या इतिहासात पाठ-नियोजनाचा क्रम दीर्घकाळ अध्यापनाच्या क्रमाशी एकरूप मानला गेला. हर्बार्टच्या अनुयायांनी रूढ केलेली पंचपदी ही त्याची ठळक साक्ष होय. पूर्वतयारी, विषय-प्रतिपादन, तुलना, सामान्यीकरण आणि उपयोजन या पाच पायऱ्या ज्या क्रमाने वर्गात चढावयाच्या, त्याच क्रमाने त्या टाचणात लिहावयाच्या, अशी ही रीत होती. तिच्यात शिक्षकाने काय करावे हे स्पष्ट होत असे. पाठ संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता यावे, हा प्रश्न मात्र बहुधा परीक्षकाकडे सोपविला जाई. विचाराचा क्रम अध्यापनाच्या क्रमाहून वेगळा असू शकतो, किंबहुना असावा, ही कल्पना विसाव्या शतकात हळूहळू घडली. तिच्या घडणीत मूल्यमापनाचे स्थान कसे बदलत गेले, हे पाहिले म्हणजे आज ज्याला 'उलटे नियोजन' म्हणतात त्याचे मर्म कळते.

या विचाराचा एक उगम परीक्षापद्धतीच्या अभ्यासात आहे. राल्फ टायलर 1929 पासून अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात काम करीत असताना तेथील विज्ञान-अध्यापकांना चाचण्या तयार करण्यास साहाय्य करीत असे. चाचण्यांत तथ्यांची आठवण विचारली जाते. पण अध्यापकांना हवी असते ती निरीक्षणावरून अनुमान काढण्याची शक्ती, ही विसंगती त्याच्या ध्यानात आली. विद्यार्थ्याने कोणती कृती केली असता ती शक्ती त्याच्या अंगी आहे असे म्हणाल, असा प्रश्न तो अध्यापकांना करू लागला. 1933 मध्ये आरंभ झालेल्या 'आठ वर्षांच्या अभ्यासा'त सुमारे तीस शाळांना महाविद्यालयीन प्रवेशाच्या ठराविक अटींतून सूट मिळाली होती. त्या अभ्यासाच्या मूल्यमापनाची सूत्रे टायलरकडे आली, तेव्हा हाच प्रश्न शाळांपुढे मांडला गेला.

या अनुभवाचे सार टायलरने शिकागो विद्यापीठात असताना 1949 च्या एका लहानशा ग्रंथात मांडले. शाळेने कोणती उद्दिष्टे गाठावी, ती गाठण्यास कोणते अनुभव द्यावे, त्या अनुभवांची संघटना कशी करावी आणि उद्दिष्टे साध्य झाली की नाही हे कसे ठरवावे, असे त्याचे चार प्रश्न आहेत. उद्दिष्ट अनुभवाच्या आधी आले, ही येथील मोठी प्रगती होय. तथापि मूल्यमापन चौथ्या स्थानीच राहिले. टायलरच्या स्वतःच्या कार्यात मूल्यमापनाच्या प्रश्नामुळेच उद्दिष्टांचा अर्थ स्पष्ट होत गेला होता. त्याच्या ग्रंथाच्या मांडणीत मात्र तो प्रश्न शेवटी पडला.

टायलरचा शिष्य बेंजामिन ब्लूम याने सहकाऱ्यांसह 1956 मध्ये बोधात्मक उद्दिष्टांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. भारताशी या परंपरेचा संबंध येथे जुळतो. 1957 मध्ये ब्लूम परीक्षा-सुधारणेचा सल्लागार म्हणून भारतात आला आणि 1958 मध्ये केंद्रीय परीक्षा एकक स्थापन झाले. महाराष्ट्रातील अध्यापक महाविद्यालयांच्या परिचयाची ज्ञान, आकलन, उपयोजन व कौशल्य ही उद्दिष्टे, त्यांची 'स्पष्टीकरणे' आणि प्रश्नपत्रिकेचा 'संविधान तक्ता' ही याच विचारसरणीची अपत्ये होत. पण परीक्षा-सुधारणेच्या वाटेने आल्यामुळे हा विचार प्रश्नपत्रिकेत जितका रुजला तितका अध्यापनात रुजला नाही. टाचणातील उद्दिष्टांचा रकाना पुष्कळदा कृती ठरल्यानंतर भरला जाऊ लागला.

1998 मध्ये ग्रँट विगिन्स व जे मॅकटाय यांनी मांडलेल्या योजनेत मूल्यमापन चौथ्या स्थानावरून दुसऱ्या स्थानी आले. प्रथम अपेक्षित निष्पत्ती, मग तिचा पुरावा कोणता मानावयाचा याचा निर्णय आणि शेवटी अध्ययन-अनुभव, असा त्यांचा क्रम आहे. केवळ एका पायरीच्या या स्थलांतराने काय साधते, हे एका घटकाच्या उदाहरणावरून पाहणे युक्त होईल.

माध्यमिक वर्गासाठी 1875 च्या दख्खनच्या उठावावर सहा तासिकांचा घटक आखावयाचा आहे, असे समजू. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारपेठेच्या गावी शेतकरी जमले, त्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जरोखे यांची मागणी केली आणि ते जाळले. उठाव पुढे अहमदनगर जिल्ह्यातही पसरला. एखादा छात्राध्यापक सहज अशी योजना करील : दोन तासिका कथन, एक तासिका नकाशा, एक रोखे जाळण्याच्या प्रसंगाचे नाट्यीकरण, एक भित्तिपत्रक आणि शेवटी घटक चाचणी. चाचणीत उठाव कोठे व केव्हा झाला आणि त्याची तीन कारणे कोणती, असे प्रश्न येतील. वर्ग रमेल, गुणही बरे मिळतील. परंतु पाठ्यपुस्तकातील कारणे पाठ असलेला विद्यार्थी आणि कारणमीमांसा करू शकणारा विद्यार्थी यांत ही चाचणी भेद करू शकणार नाही.

उलट्या क्रमाने विचार करताना प्रथम निष्पत्ती निश्चित करावी लागते. 'विद्यार्थी उठावाची माहिती घेतील' हे विधान पुरेसे नाही. कारण त्यावरून कोणताच पुरावा सुचत नाही. त्याऐवजी असे म्हणता येईल : उठाव करणाऱ्यांच्या कृतींवरून व पूर्वपरिस्थितीवरून विद्यार्थी उठावाच्या कारणांविषयी साधार अनुमान मांडील, दीर्घकालीन व तात्कालिक कारणे वेगळी करील आणि वापरलेल्या साधनाची एखादी मर्यादा सांगेल.

दुसरी पायरी पुराव्याची. सुप्याच्या शेतकऱ्यांनी रोखेच का जाळले, हा प्रश्न वर्गात चर्चिला गेल्यावर चाचणीत पुन्हा विचारला, तर तो स्मरणाचाच प्रश्न होतो. म्हणून अंतिम कार्यासाठी न शिकविलेला प्रसंग घ्यावा लागतो. बंगालमधील 1859-60 चा निळीचा उठाव त्यास योग्य आहे. मळेवाले शेतकऱ्यांना आगाऊ रक्कम देऊन नीळ पेरण्याच्या करारात बांधून घेत. उठावाच्या वेळी शेतकऱ्यांनी ती रक्कम घेण्यास व नीळ पेरण्यास नकार दिला. एवढी माहिती व साधनातील एक छोटा उतारा देऊन विचारावे : या नकारावरून त्यांच्या असंतोषाचे मूळ कोठे दिसते, आणि उताऱ्याचा लेखक कोणती बाजू पाहू शकला नसेल? 'शेतकरी गरीब होते म्हणून चिडले' हे उत्तर कोणत्याही उठावास लागू पडते, म्हणून ते अपुरे ठरेल. आगाऊ रक्कम स्वीकारणे म्हणजेच करारात अडकणे, म्हणून पहिला प्रहार तिच्यावर झाला, असे सांगणारे उत्तर कृतीपासून कारणापर्यंत पोहोचते.

पुरावा निवडल्यावर त्याची दोन प्रश्नांनी पारख करण्याची सूचना विगिन्स व मॅकटाय यांनी केली आहे. अपेक्षित आकलन नसतानाही विद्यार्थी हे कार्य उत्तम करू शकेल काय? आणि आकलन असूनही त्यात अयशस्वी होईल काय? नाट्यीकरण व भित्तिपत्रक पहिल्या प्रश्नापाशीच गळतात. अभिनय किंवा चित्रकला चांगली असणे तेथे पुरते. निळीचा उतारा कठीण भाषेत असेल, तर दुसऱ्या प्रश्नावर तो सदोष ठरेल. मग भाषा सोपी करावी किंवा काही विद्यार्थ्यांचे उत्तर तोंडी घ्यावे.

आता तिसरी पायरी, आणि येथे स्थलांतराचे फळ दिसू लागते. अंतिम कार्यासाठी विद्यार्थ्याला काय आले पाहिजे, यावरून तासिका ठरतात. पहिल्या तासिकेत कारण न सांगता केवळ प्रसंग मांडून 'रोखेच का?' हे कोडे ठेवावे. दुसरीत रोख्याचे गणित करावे. 1859 च्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू व्याजाची वाढ रोखण्याचा होता. परंतु सावकार दर तीन वर्षांनी मुद्दल व थकलेले व्याज मिळून नवा रोखा लिहून घेऊ लागले. उदाहरणादाखल 100 रुपयांवर दरसाल शेकडा 25 सरळ व्याज धरले, तर तीन वर्षांनी 175 रुपयांचा नवा रोखा होतो आणि आणखी तीन वर्षांनी देणे 306 रुपये 25 पैशांवर जाते. हे गणित विद्यार्थ्याने स्वतः केले म्हणजे कागद जाळण्याचा अर्थ त्याला सांगावा लागत नाही.

तिसऱ्या तासिकेत कालक्रम घ्यावा : अमेरिकेतील 1861-65 च्या यादवी युद्धात कापसाला आलेली तेजी व सुलभ झालेले कर्ज, युद्धानंतरची मंदी व आखडलेली पत, आणि फेरआकारणीने वाढलेला सारा. चौथीत साधनचिकित्सा यावी. सरकारने नेमलेल्या आयोगाने सरकारी सारा हे उठावाचे कारण नव्हे असा निष्कर्ष काढून दोष सावकारांकडे दिला. असा निष्कर्ष काढणारा कोणी नेमला होता, हे विचारण्यास विद्यार्थी येथे शिकतो. पाचवीत अन्य छोट्या उताऱ्यावर सराव व शिक्षकाचे मार्गदर्शन, सहावीत अंतिम कार्य. नाट्यीकरण वर्ज्य नाही. पण पहिल्या तासिकेतील कोडे उभे करण्यास ते पाच मिनिटांत उपयोगी पडत असेल, तरच त्याला जागा आहे.

या पद्धतीतील नेहमीचा दोष म्हणजे क्रम केवळ कागदावर उलटणे. कृती आधीच ठरलेल्या असतात आणि निष्पत्तीचा रकाना मागाहून योग्य क्रियापदांनी सजविला जातो. तो ओळखण्याचा उपाय सोपा आहे : टाचणातील निष्पत्ती झाकून तिच्या जागी दुसरी लिहावी. तासिकांत काहीच बदलावे लागत नसेल, तर पहिली निष्पत्ती नियोजनाचे काम करीतच नव्हती. दुसरा दोष याच्या उलट आहे. 1962 मध्ये रॉबर्ट मेगर याने उद्दिष्टात दृश्य कृती, ती करावयाची परिस्थिती व यशाचा निकष असावा असे सांगितले. या काटेकोरपणाचा अतिरेक झाला, तर घटकाचे बारीक तुकडे होतात आणि तपासण्यास सोपे तेवढेच निष्पत्ती म्हणून उरते.

तत्त्वाच्या पातळीवरील आक्षेप इंग्लंडमधील लॉरेन्स स्टेनहाउस याने 1975 मध्ये मांडला. ज्ञानात प्रवेश करून देणारे शिक्षण जितके यशस्वी होईल, तितके विद्यार्थ्याचे वर्तन आधी सांगता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. इतिहासाच्या शिक्षकाने हा आक्षेप डावलता कामा नये. वरील घटकात एखादा विद्यार्थी आयोगाचा निष्कर्ष अमान्य करून वाढलेल्या साऱ्यालाच मुख्य कारण ठरवील. निष्पत्तीत अमुक एक उत्तर बांधलेले असेल, तर तो चुकला असे होईल. साधार अनुमानाची रीत बांधलेली असेल, तर त्याने दिलेल्या आधारांवर त्याची परीक्षा होईल. म्हणून आधी निश्चित करावयाची ती विद्यार्थ्याच्या युक्तिवादाची कसोटी होय. त्याचा निर्णय त्याच्याकडेच राहिला पाहिजे.